विमलाबाईंचा चमचा

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडताना विमलाबाईंचे पाय एकदम गेले. टोपली कलंडली आणि त्या सरीतच बसल्या. सून प्रतिभा धावत आली.

"काय झालं, आई?"

"काय नाय गं. पायात जीवच नाय राहिला."

प्रतिभाने हाताला धरून उठवलं, पण पाय उभं राहू देईनात. गेले पंधरा दिवस त्या पोटऱ्यांत गोळे येतात म्हणत होत्या. छातीत धडधडतं, हेही एकदा बोलून गेल्या होत्या. उन्हाचं असेल, म्हणून दोघींनी सोडून दिलं होतं. आता मात्र प्रतिभा थांबली नाही. तिने नवऱ्याला, भारतला, फोन केला आणि शेजारच्यांच्या गाडीतून सासूला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"पोटॅशियम फारच उतरलंय. साडेतीनच्या वर हवं, यांचं दोन पॉइंट तीन आहे. हृदयाचे ठोके चुकताहेत. दाखल करावं लागेल, लगेच." मग त्या विमलाबाईंकडे वळल्या. "मावशी, जुलाब, उलट्या झाल्या?"

"नाय."

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"बीपीची एकच."

"आणखी काही? काढा, पावडर, झाडपाल्याचं?"

"नाय म्हनलं ना," विमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सलाईन लागलं. छातीला तारा चिकटवल्या. पोटॅशियम हळूहळूच सोडावं लागतं, घाई केली तर तेच जिवावर बेतेल, असं नर्सने सांगितलं. दुसऱ्या दिवशी आकडा जेमतेम दोन पॉइंट सहा. "जातंय कुठून, तेच कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावरची रेघ मध्येच वेडीवाकडी उडायची आणि प्रत्येक वेळी प्रतिभा उठून उभी राहायची.

दुपारी ती सासूचं लुगडं आणायला घरी गेली. पेटीत लुगड्यांखाली एक मोठा डबा सापडला. आत मातकट हिरवी पावडर आणि चमचा. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरं होती. सोनामुखी, हिरडा, ज्येष्ठमध, ओवा, काळं मीठ. कोपऱ्यात असेच दोन रिकामे डबे पडले होते. प्रतिभाने डबा पिशवीत टाकला. आई चिडतील, याची तिला भीती वाटत होती; आणि उशीर झाला तर काय, याची त्याहून जास्त.

डॉक्टरांनी डबा वाचला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. "मावशी, रोज किती?"

विमलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "आधी एक चमचा. आता तीन. तरी पोट धड साफ होत नाय." मग घाईने म्हणाल्या, "त्रिफळाच हाय ना ते? आमची आजी घ्यायची."

"त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. तोही रोज वर्षानुवर्षं विचारल्याशिवाय घेऊ नये. पण यात मुख्य आहे ती सोनामुखी. ती आतड्याला चिमटे काढून पळवते. पातळ होतं, त्यातून पोटॅशियम जातं. तुमची बीपीची गोळी लघवीवाटे ते घालवते. ज्येष्ठमधाची त्यात भर, शिवाय त्याने आणि मिठाने बीपी वाढतो. आणि पोटॅशियम उतरलं की आतडंच ढिलं पडतं. मग तुम्ही आणखी एक चमचा घेता."

"पण मग सांगितलं का नाही, आई?" प्रतिभाचा आवाज चढला. "काल जीव गेला असता!"

"काय सांगू?" विमलाबाईंचे डोळे भरले. "पहाटे चारला फुलं घेऊन बाजारात बसायचं, दुपारपर्यंत उठायचं नाय. जवळ बायकांना जायला जागा नाय. जिथं हाय तिथं दार लागत नाय. म्हणून मी पाणीच पीत नाय. आलेली दाबून धरते, मग पोट बांधून बसतं. बारा वर्षं झाली. हे डॉक्टरांपुढं, भारतपुढं कसं बोलू?"

प्रतिभा पलंगाच्या कडेला बसली. ती स्वतःही बाजारात बसली की घोटभरच पाणी प्यायची.

चूर्ण बंद झालं, बीपीची गोळी बदलली. चौथ्या दिवशी आकडा तीन पॉइंट आठवर आला आणि तारा निघाल्या. सोपं मात्र झालं नाही. घरी आल्यावर सलग तीन दिवस पोट साफ झालं नाही. विमलाबाई घामाघूम होऊन म्हणाल्या, "एकच चमचा दे गं." प्रतिभाने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शौच मऊ करणारं एक औषध सांगितलं. आतड्याची सवय मोडायला काही आठवडे लागतील, म्हणाल्या. इसबगोल नंतर, आणि तेही भरपूर पाण्याबरोबरच. कमी पाण्यात घेतलं तर आत अडकून बसेल.

पाणी प्यायचं तर जागा हवी. प्रतिभा बाजारामागच्या एका वाड्यातल्या वत्सलाबाईंकडे गेली. त्या देवपूजेला रोज यांच्याकडूनच फुलं घ्यायच्या. तिने सगळं सांगितलं.

"अगं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" वत्सलाबाई म्हणाल्या. "पहाटेपासून मागचं दार उघडं ठेवत जाईन."

महिन्याभराने विमलाबाई पुन्हा फुलांपुढे बसल्या, पाण्याची बाटली शेजारी ठेवून. पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा झाकण उघडलं आणि लावलं. "वत्सलाबाईंकडं जायला लाज वाटते," त्या पुटपुटल्या.

"मीपण येते," प्रतिभा म्हणाली. शेजारच्या फुलवालीला तिने दोन्ही टोपल्यांकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि दोघी उठल्या.