पुड्याची मागची बाजू

मी मुळातच भित्री आहे. फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं. असं माणूस भाऊजींनी नेमकं कुठे बसवलं, तर जिथे एक चुकीचं बटण दाबलं की चार गावांना कळतं अशा जागी. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. घाऊक बाजारातून किराणा उचलायचा आणि ऑनलाइन बाजारात विकायचा, हा त्यांचा धंदा. गोदाम म्हणजे एक शटर, तीन रॅक, बांधणीचं टेबल आणि कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर. माल आला की तो त्या बाजाराच्या कॅटलॉगमध्ये चढवायचा, हे माझं काम.

चढवायचे दोन रस्ते. आपला माल तिथे आधीपासून असेल, तर त्याच्या पानावर फक्त आपली किंमत आणि साठा लावायचा. पान सगळ्यांचं एकच. फोटो, माहिती, लोकांची मतं, सगळं तयार. आपण त्या पानावरचे आणखी एक विक्रेते. माल तिथे नसेल, तर नवं पान उघडायचं आणि शून्यापासून सगळं लिहायचं. नियम सोपा आहे: माल अगदी तोच असेल तर जुनं पान, जरा जरी वेगळा असेल तर नवं. सोपा नियम पाळताना माझी गाळण उडते, कारण गेल्या वर्षी मी उलटी चूक केली होती. साबणाचं वेष्टन हिरव्याचं निळं झालेलं पाहून मी वेगळं पान उघडलं. आत साबण तोच. बाजाराने ‘एकाच मालाची दोन पानं’ म्हणून आमचं खातं आठ दिवस बंद ठेवलं.

त्या मंगळवारी ओट्सच्या बिस्किटांची चाळीस खोकी आली. बारा-बारा पुडे प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलेले, सहा इकडे तोंड करून, सहा तिकडे. पाठी एकमेकींना चिकटलेल्या. आमच्याकडे प्लास्टिक आधी फाडायचं नाही अशी शिस्तच आहे, कारण फाडलेला गठ्ठा रॅकवर उभा राहत नाही. म्हणून समोरून फोटो काढायचा, बाजूचा बारकोड घ्यायचा, वजन बघायचं. झालं.

बारकोड टाकला आणि पान समोर आलं. साडेतीन हजार लोकांची मतं, साडेचार तारे, आणि खाली ‘या पानावर विका’. एकच गोष्ट खटकली. आमच्या पुड्याच्या कोपऱ्यात लाल पट्टी होती, ‘आता आणखी कुरकुरीत’. पानावरच्या फोटोत ती नव्हती.

“भाऊजी, ही पट्टी नवी दिसते.”

“दाखवा.” त्यांनी पुडा फिरवून बघितला, म्हणजे प्लास्टिकसकट जेवढा फिरतो तेवढा. “कंपनी तीच, वजन तेच, बारकोड तोच. वहिनी, पट्टीचं काय घेऊन बसलात? कुरकुरीतपणाला वेगळं पान लागतं का?”

“साबणाच्या वेळी…”

“साबणाच्या वेळी तुम्ही उगाच नवं पान केलंत. तेच सांगतोय.”

त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण लागायचा तो लागला. तोच बारकोड टाकून नवं पान उघडायला गेलं तर बाजारही अडवतो, म्हणतो हे आधीच आहे. मग बारकोड लपवून उघडावं लागतं, आणि त्याचा प्रसाद मी खाल्ला होता. माझ्यातल्या भीतीला एकदाच चटका बसला होता, त्यामुळे ती त्याच दिशेला बघत राहिली. मी ‘या पानावर विका’ दाबलं. किंमत सगळ्यांपेक्षा थोडी कमी ठेवली, त्यामुळे त्या पानावरून जो कोणी विकत घेईल त्याला आमचाच पुडा जाणार होता.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी एक संदेश आला. ‘मॅडम, हे पानावर दाखवलंय तेच ना? माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही, दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून विचारते.’

मी काय केलं ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. मी पानावरची माहिती वाचली. तिसऱ्या ओळीत होतं, ‘शेंगदाणे नाहीत’. आणि मी लिहिलं, ‘हो, तेच आहे. निश्चिंत राहा.’ निश्चिंत हा शब्द माझ्या पदरचा. पुड्याला मी हातही लावला नव्हता.

दुपारपर्यंत आठ मागण्या आल्या. साडेअकराला शहरातल्या गाडीने एक पुडा गेला, बाकीचे सात कुरिअरच्या गोदामात गेले, तिथून बाहेरगावी जायला.

साडेतीनला चहा झाला. बांधणीच्या मावशींना एक खोकं कोपऱ्यात दबलेलं मिळालं होतं. त्यातला फुटका पुडा विकता येत नाही म्हणून त्यांनी बशीत ओतला. मावशींची नजर अधू आहे, पण जिभेला काही झालेलं नाही.

“अगं, शेंगदाण्याची चव काय सुरेख उतरलीय,” त्या म्हणाल्या. “घेतेस का?”

माझा कप टेबलावर नीट ठेवला गेला, एवढं आठवतं. मी फुटका पुडा उचलला, पाठ फिरवली. ओट्स, साखर, तेल, आणि मग शेंगदाण्याचं पीठ, आठ टक्के. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: शेंगदाणे आहेत. कंपनीने आतला माल बदलला, पट्टी लावली, आणि बारकोड मात्र जुनाच ठेवला.

“काय झालं?” भाऊजींनी विचारलं.

मी पुडा त्यांच्यापुढे धरला. ते वाचत होते तोवर मी त्या पानावरचा आमचा साठा शून्य केला. आधी तेच. रक्त थांबवायचं, पट्टी नंतर. मग मी खाली लोकांची मतं बघितली आणि तिथून माझी नजर हटेना. ‘माझ्या भाचीला हीच चालतात.’ ‘ॲलर्जीवाल्या घरात ही एकच बिस्किटं.’ साडेतीन हजार लोक त्या पानावर का येतात, ते मी पहिल्यांदा वाचत होते.

“बाहेरगावचे सात अजून गोदामात असतील, गाडी सहाला निघते,” भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माझ्यासारखा झाला होता. “मी फोन करून अडवतो. सगळ्यांना संदेश टाका, पुडा उघडू नका म्हणून. पण शहरातला?”

शहरातला पोहोचला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी, असं स्क्रीनवर होतं. आणि नाव त्या सकाळच्या बाईंचंच होतं. पावतीवर त्यांचा पत्ता आणि नंबर होता. मी लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. संदेश टाकला.

“शाळा कधी सुटते?” मी विचारलं. कोणाला विचारत होते कोण जाणे.

“साडेतीनला,” मावशी म्हणाल्या. “आमच्या नातीची तरी तेव्हाच सुटते. जा तू.”

मी स्कूटर काढली. पंधरा मिनिटांचा रस्ता. सिग्नलला मी देवाला नाही, कुरिअरवाल्याला विनवत होते, की त्याने खोटीच नोंद केलेली असू दे, पुडा अजून त्याच्या पिशवीत असू दे. भीतीचेही प्रकार असतात, हे मला त्या रस्त्यावर कळलं. खातं बंद होईल ही भीती वेगळी, त्यात आपण असतो. या भीतीत मी कुठेच नव्हते, फक्त एक लहान मुलगी होती, आणि मी तिला बघितलंही नव्हतं.

तिसरा मजला. जिना चढताना धाप लागली, की रडू येत होतं, सांगता येणार नाही. दार अर्धं उघडं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, कोणी तरी अंघोळ करत असावं. हॉलमध्ये सात-आठ वर्षांची मुलगी जमिनीवर बसली होती, दप्तर बाजूला, मांडीवर फाडलेला पुडा. डाव्या हातात बिस्किट. उजव्या हाताचं बोट पुड्याच्या पाठीवर.

“थांब,” मी म्हणाले. “बाळा, खाऊ नकोस.”

ती घाबरली नाही. तिने माझ्याकडे कंटाळून बघितलं.

“मी नाहीच खात. आई म्हणते, मागचं वाचल्याशिवाय खायचं नाही. प्रत्येक वेळी. ते तेच असलं तरी.” मग तिने बोट पुढे सरकवलं. “ओट्स. साखर. तेल. हा शब्द मला येत नाही. काय आहे हा?”

मी तिच्या शेजारी बसले. तिच्या बोटाखालचा शब्द वाचला. सकाळपासून माझ्या हाताखाली चाळीस खोकी होती आणि हा शब्द मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर इथे आली.

“शेंगदाण्याचं पीठ,” मी म्हणाले.

तिने बिस्किट पुड्यात टाकलं, पुडा माझ्याकडे सरकवला आणि फ्रॉकला हात पुसू लागली. मी तिला उठवून बेसिनपाशी नेलं, दोन्ही हात साबणाने धुतले, दोनदा धुतले. तेवढ्यात आई बाहेर आल्या, केस ओले. त्यांनी अनोळखी बाई बघितली, पुडा बघितला, आणि काही विचारायच्या आधी मुलीचं तोंड, जीभ, मान, हात सगळं बघून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग परत यायला वेळ लागला. मी कोण आणि का धावत आले, ते सांगितलं.

“तुम्ही लिहिलं होतंत, हो, तेच आहे,” त्या म्हणाल्या. “निश्चिंत राहा, असंही लिहिलं होतंत.”

“हो. मीच लिहिलं.”

“पुडा बघून?”

“नाही. पान बघून.”

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त दार पूर्ण उघडलं, आणि मी पुडा घेऊन खाली आले.

सातही पुडे परत आले. भाऊजींनी कंपनीला पत्र लिहिलं, मी बाजाराला कळवलं. मधल्या दिवसांत भाऊजींच्या मनात आलं, जुन्याच पानावर ‘शेंगदाणे आहेत’ असं बदलून घ्यावं. मी म्हणाले, “त्या पानावर दुसऱ्यांकडे जुना माल आहे. त्यांच्या पुड्यांना आपण शेंगदाणे लावायचे का?” त्यांनी तो विचार सोडून दिला. कंपनीने नवा बारकोड द्यायला महिना लावला. नव्या पुड्यांवर तो छापून आला, तेव्हा मी नवं पान उघडलं. शून्य मतं, एकही तारा नाही. पहिला फोटो पुड्याच्या पाठीचा, पहिली ओळ ‘यात शेंगदाणे आहेत’. प्रत्येक खोक्यातलं एक प्लास्टिक आम्ही आता आल्याबरोबर फाडतो, आणि मावशी मागचं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात.

तिसऱ्या दिवशी त्या पानावर पहिला प्रश्न आला. ‘हे जुनंच ना?’

उत्तर मला पाठ होतं. तरी मी रॅकवरून पुडा काढला, उलटा केला, शेवटपर्यंत वाचला आणि मग लिहिलं, ‘नाही.’