युनूसच्या खिशातला फॉर्म

युनूसने मोठ्या ऐटीत स्वतःच्या कंपनीचं विम्याचं कार्ड दिलं होतं. बायको आपली, तिचं बिल मेहुण्याच्या पॉलिसीवर कशाला? चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या माणसाला हा मान जपावाच लागतो, असं त्याला मनापासून वाटत होतं. सादिका उद्या आपल्या भावाला, तौफिकला, मूत्रपिंड देणार होती.

दुपारी चिंचवडच्या हॉस्पिटलातल्या इन्शुरन्स डेस्कवरून बोलावणं आलं.

"नामंजूर झालं, दादा," डेस्कवरच्या विजयश्री मॅडम म्हणाल्या. "तुमची पॉलिसी ताईंच्या आजारपणासाठी आहे. त्यांना आजार कुठाय? दात्याच्या ऑपरेशनचा नि इथं राहण्याचा खर्च तौफिकभाऊंच्या पॉलिसीत बसतो. त्यांच्याच विम्याच्या रकमेतून, वेगळी रक्कम मिळत नाही. मी कालच म्हटलं होतं."

युनूसचं तोंड एवढंसं झालं. पण आता कदाचित ऑपरेशन टळेल, असं वाटून आतून त्याला हायसं वाटलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"आणि घरी गेल्यावर तिला काही झालं तर?"

"ते तौफिकभाऊंच्या पॉलिसीत नाही. तपासण्याही नाहीत, डिस्चार्जनंतरची औषधंही नाहीत. तुमच्या पॉलिसीचं मी आत्ता सांगू शकत नाही." त्यांनी तौफिकच्या पॉलिसीतून दात्याचा खर्च मागण्याचा फॉर्म पुढे सरकवला. "ताईंची सही आणा. चारच्या आत विमा कंपनीला पाठवला नाही, तर उद्याचं ऑपरेशन पुढं जाईल."

फॉर्म खिशात घालून युनूस जिन्याकडे निघाला आणि थेट बाहेर चहाच्या टपरीवर पोचला. चहा घेतला, तसाच ठेवला. आत आला, लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेला, वॉर्डाच्या दारातून मागे फिरला आणि पुन्हा खाली आला. तौफिक आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, हे त्याला दिसत नव्हतं थोडंच! पण सादिकाच्या पोटावर चालणारी सुरीही त्याला दिसत होती. पुढं गेलं तर जाऊ दे, त्याला वाटलं. घड्याळात साडेतीन वाजून गेले.

"अहो!"

हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत, पायात घरच्या चपला घालून सादिका खाली आली होती.

"मॅडमनी वर फोन केला. फॉर्म कुठाय?"

"तो... सापडत नाही."

तिने त्याच्या शर्टाच्या खिशातून बाहेर आलेला कागद काढला, उलगडला आणि वाचला.

"कार्ड दिलंत तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "भीती वाटते म्हणा की सरळ."

"वाटते," युनूस म्हणाला. "नंतर तुला काही झालं, तर ते त्यांच्या पॉलिसीत बसत नाही, सादिका. आपल्यात बसेल की नाही, कुणी सांगत नाही."

"मलाही वाटते. पेन द्या."

पेन त्याच्याच खिशात होतं. त्याने दिलं. तिने इन्शुरन्स डेस्कवर जाऊन, वाकून सही केली, आणि साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

चार वाजायला दहा मिनिटं होती. युनूसने नाव लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की विजयश्री मॅडमना ते नाव दोनदा विचारावं लागलं.