गोदूबाईंची खरी उंची

मिठागरात आयुष्य काढलेल्या कासू गावच्या गोदूबाईंची पाठ पार वाकली होती. क्षयाची औषधं सुरू होऊन महिना झाला, तरी अंगावर मांस धरत नव्हतं. पेणच्या दवाखान्यात वजन भरलं अडतीस किलो, उंची एकशे अडतीस सेंटिमीटर.

"बीएमआय वीस. उंचीच्या मानाने वजन ठीक आहे. जादा आहार मिळणार नाही," कारकून म्हणाला.

"ठीक? माझी हाडं बघ जरा! मी नाय जायची हितून."

आवाज ऐकून आहारतज्ज्ञ ऋजुता बाहेर आली. "आजी, हात आडवे पसरता येतात?"

गोदूबाईंनी दोन्ही हात ताठ पसरले. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत टेप भरली एकशे चोपन्न. ऋजुताने कोपरापासून मनगटापर्यंतचं हाडही मोजलं. तक्त्यात त्यावरून जवळपास तेवढीच उंची निघाली.

"पसरलेले हात साधारण माणसाच्या उंचीइतकेच भरतात. पाठ वाकल्यामुळे उंची कमी भरते, हात तेवढेच राहतात," ती म्हणाली. "या उंचीने बीएमआय सोळा. यांचं वजन फार कमी आहे."

"मॅडम, फॉर्मवर उभ्या उंचीचाच रकाना आहे."

"मग मी त्यातच लिहिते, 'अंदाजे उंची, पसरलेल्या हातांवरून', आणि सही करते. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

डॉक्टरांनी नोंद वाचली आणि आहार मंजूर केला.

आहाराची पिशवी काखेत मारत गोदूबाई कारकुनाला म्हणाल्या, "आमच्या गावात वाकलेल्या आणखी चौघी हायेत. उद्या आणते. टेप काढून ठेव."