गांजाच्या आधी

गोपालनं आमच्या अमरदीपच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा शेजारच्या टेबलावर गोपालच्या आईच्या, जयवंताबाईच्या कपाळाला टाके पडत होते. अमरदीप वॉर्डातला धिप्पाड मदतनीस, पण तोही कळवळून ओरडला. आई मात्र ओरडत नव्हती. सुई आत जात होती आणि ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "माहा लेक नोहे थो, मॅडम. गांजा हाय. गांजानं मारलं मले."

त्या दिवशी सकाळी तिनं भाकर वाढली आणि गोपालनं ताट भिरकावून विळा उचलला. भाकरीत विष आहे असं त्याला कुणीतरी कानात सांगितलं होतं. वार भुवईच्या वर बसला, जरा खाली बसता तर डोळा गेला असता. मग गावानं त्याला काठ्यांनी झोडपलं, बैलाच्या कासऱ्यानं हातपाय बांधले आणि पिकअपमध्ये टाकून पैनगंगेच्या काठावरून आदिलाबादला, आमच्या सरकारी दवाखान्यात आणलं. त्याचा ओठ फाटला होता आणि पाठीवर एवढे वळ होते की हात कुठं ठेवावा ते कळेना.

मी कुमुदिनी, इथली मनोविकारांची डॉक्टर. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. पहिला राग आला तो अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरवर. त्यानं लघवीवर नशा तपासायची पट्टी केली होती आणि खुशीत येऊन म्हणाला, "मॅडम, गांजा पॉझिटिव्ह, बाकी नशेच्या पट्ट्या निगेटिव्ह. गांजामुळे सायकोसिस लिहून टाकू?"

"पट्टी एवढंच सांगते की यानं गांजा घेतलाय," मी म्हणाले. "गांजानंच डोकं फिरलं का, हे ती सांगत नाही. रोज पिणाऱ्याची पट्टी गांजा सोडल्यावरही कितीतरी दिवस पॉझिटिव्ह येते. कारण अनिश्चित असं लिहा."

डोक्याला मार, ताप, साखर हे सगळं तपासून घेतलं. इंजेक्शन दिलं, कासरा सोडवला. उपचार निदानासाठी थांबत नाहीत, निदान मात्र थांबू शकतं, आणि मला ते थांबवायचंच होतं. गांजानं आलेला सायकोसिस, म्हणजे हे आवाज आणि संशय, गांजा सुटल्यावर बहुतेक वेळा महिन्याभरात निवळतो. मूळचाच आजार असेल तर गांजा सुटूनही तो जात नाही, औषध दीर्घकाळ घ्यावं लागतं, आणि मध्येच सोडलं की पुन्हा विळा उचलला जातो. इथं एक चुकीचा शब्द लिहिला की पुढच्या वेळी जयवंताबाईच्या कपाळाला टाके घालायला कपाळ शिल्लक राहील याची खात्री नव्हती.

जयवंताबाईचं सगळं आधीच ठरलं होतं. "मॅडम, तुमी गांजाचं लिवून द्या. मी केशवरावाच्या केंद्रात धाडतो त्याले. दसऱ्याले धाडला होता, संक्रांतीले घरी आणला. लय चांगला मानूस हाय थो."

"केंद्रात औषध देत होते?"

"औषध कायले? नशा सोडवतेत."

"तुम्ही भेटायला गेलात?"

"भेट बंद राह्यते तिथं. माय दिसली का लेकरू ढिलं पडते म्हनते."

मी कागद आडवा धरून दोन रेघा मारल्या. वरच्या रेघेवर नशा कधी सुरू, कधी बंद. खालच्या रेघेवर आजार कधी दिसला, कधी वाढला. नवा पेशंट आला की मी हेच करते. तारखा कुणाला आठवत नाहीत, म्हणून कपाशीच्या पेरणी-वेचणीवरून विचारते.

"मावशी, पहिल्यांदा गांजा कधी प्यायला?"

"मांगच्या पेरनीले," ती लगेच म्हणाली.

"आणि एकट्यानं बडबडणं, संशय घेणं?"

"त्याच्या मंग. समदं गांजाच्या मंगच."

किती सरळ! तीस जणांत एखादी आई अशी घोकून आल्यासारखं सांगते. बाकीच्या अडखळतात, मागे-पुढे होतात, नवऱ्याशी भांडतात. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण वरच्या रेघेवर मी 'पेरणी' लिहिलं आणि कंसात 'आईच्या सांगण्यावरून' असं जोडलं. कोण सांगतंय हेही लिहावं लागतं, नाहीतर नुसत्या बाजारगप्पा होतात.

दुसऱ्या दिवशी गोपाल जरा शांत होता. मी खाटेशेजारी बसले तसा कुजबुजला, "भिंतीतले लोकं इथं बी आले, मॅडम."

"आधी कुठं होते?"

"केंद्रात. त्यायच्यापायीच मले मारत होते."

त्यानं तळपाय वर केले. जुन्या, भरून आलेल्या जखमांचे पट्टे होते, एकाला लागून एक. पण डोक्यात आवाज असलेल्या माणसाच्या एकट्याच्या शब्दावर निदान उभं करता येत नाही, आणि तिथं गांजा मिळत नव्हता याला पुरावा काय? अशा जागी आत काय काय पोचतं हे मला माहीत आहे. मी लिहिलं, 'केंद्रातील काळ: गांजा बंद होता का? खात्री नाही.'

ती खात्री आपल्या पायांनी चालत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी केशवराव दोन धटिंगण घेऊन वॉर्डात शिरला, जयवंताबाईनंच बोलावला होता. पांढरा शर्ट, कमरेला जाड पट्टा.

गोपालनं त्याला पाहिलं आणि तो खाटेखाली शिरला. पायजमा ओला झाला. धटिंगणांनी पाय धरून त्याला ओढलं, तसा तो उलटला. एकाच्या नाकावर डोकं आपटलं, रक्ताची चिळकांडी उडाली. दुसऱ्यानं त्याच्या पोटात लाथ घातली. मी मध्ये पडले, माझा चष्मा फरशीवर गेला. गोपाल खिडकीच्या गजांवर कपाळ आपटत ओरडत होता, "नोका मारू, मी बोलत नाही, थ्येच बोलून राह्यले!" शेवटी अमरदीपनं चाव्याची पट्टी बांधल्या हातानं त्या दोघांना मानेला धरून बाहेर फेकलं. सिस्टर उत्कर्षानं गोपालला इंजेक्शन दिलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

केशवरावला मी माझ्या खोलीत नेलं, जयवंताबाई मागून आली. माझ्या हाताला त्याच्या थोबाडात द्यायची एवढी खाज सुटली होती की मी पेन दोन्ही हातांनी धरलं.

"तुमच्याकडे आत गांजा मिळतो म्हणतात," मी अगदी गोड आवाजात म्हणाले.

तो उसळला. "कोन म्हनते? माह्या केंद्रात गांजाचा धूर बी येत नाई! दसरा ते संक्रांत या पोट्ट्याले एक झुरका भेटला नाई. मुताची पट्टी दर पंधरवड्याले करतो मी, हाय माह्यापाशी. साफ! तीन महिने साफ!"

"मग सुधारला असेल."

"कायचा सुधारते! भिंतीसंगं बोलत बसे रातभर. जेवनात इख हाय म्हने. तळपायावर पट्टा चालवला तवा कुठं तोंड बंद झालं. आवाज नाई, थे नाटकं होते. मारल्याबिगर नशा उतरत नाई, मॅडम."

मी भराभर लिहीत होते. वरच्या रेघेवर दसरा ते संक्रांत कोरं, पट्ट्या निगेटिव्ह. खालच्या रेघेवर त्याच काळात आवाज, विषाचा संशय, सलग. गांजा सुटून तीन महिने झाले तरी आजार टिकला होता, आणि हे त्याला मारणाराच छाती फुगवून सांगत होता. "याच्याखाली सही करा," मी म्हणाले. आपली तारीफ लिहिली आहे असं समजून त्यानं झोकात सही केली. पट्ट्यांचे कागद पाठवतो म्हणाला, आणि खरंच पाठवले.

कागद ओढून घेतला तेव्हा माझं लक्ष जयवंताबाईकडे गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तळपायावर?" ती म्हणाली. "माह्या लेकाच्या तळपायावर?"

आणि तिनं पायातली चप्पल काढली. पहिला फटका त्याच्या कानशिलात बसला, दुसरा तोंडावर. तो "अवो, अवो" करत खुर्चीसकट मागे पडला, ती त्याच्या छाताडावर बसली आणि मारतच राहिली. तिच्या कपाळाचे टाके तुटले, रक्त तिच्या डोळ्यात आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर गळत होतं. मी तिला लगेच आवरायला हवं होतं. मी जरा उशिरा उठले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

केशवराव पळाला. पोलिसांना मी कळवलं, ते प्रकरण त्यांच्या गतीनं चाललंय. जयवंताबाई भिंतीला टेकून बसली होती, धापा टाकत. मी कापसानं तिचं कपाळ दाबून धरलं.

"पेरनीच्या आंधीच सुरू झालं होतं मॅडम," ती म्हणाली. "पेरनीच्या आंधीच्या संक्रांतीपासून. राती उठे, बोले. माह्या हातचं खाये नाई. गांजा नव्हताच तवा."

"मग खोटं काऊन सांगितलं?"

"माहा थोरला भाऊ असाच होता. गावानं त्याले पिच्ची, येडा म्हनलं, गोठ्यात साखळीनं बांधला. पोट्टे गोटे मारत. बैलाच्या बाजूले मेला थो. मी लहान होतो, भाकर नेत होतो त्याले. गंजेडी तं गावात पन्नास हायेत. त्यायले कोनी बांधत नाई. शिव्या देतेत, सोडून देतेत. म्हून गांजा मीच आणला. मीच चिलीम भरून देली त्याले, चौकात बसवला, लोकायनं पाहावं म्हून. केंद्रातून आला तरी बोलतच होता, मंग पुन्हा देली."

मला तिचा संताप आला. खरं सांगते, त्या चपलेनं तिलाच दोन द्याव्यात असं क्षणभर वाटलं. मग तिच्या कपाळातून माझ्या बोटांवर आलेलं गरम रक्त दिसलं, आणि मी कापूस बदलला. वेड लपवायला या बाईनं लेकाला नशा पाजली होती, आणि भावाला बसला तो मार चुकावा म्हणून जिथं धाडला तिथंच त्याचे तळपाय सोलले गेले होते.

मी दोन रेघा पुन्हा काढल्या. खालची आधी सुरू झाली, वरची नंतर. निदान लिहिलं: स्किझोफ्रेनिया, गांजाच्या आधीपासून. गांजा वेगळ्या ओळीत, सोबतचा. महिन्यानं पट्टी निगेटिव्ह असताना पुन्हा तपासायचं हेही खाली लिहिलं.

"आता बांधतीन त्याले?"

"नाही. औषध देऊ. लांबलचक द्यावं लागेल, पण बांधणार नाही. आणि तुम्ही बांधू द्यायचा नाही."

तिनं कागदावरच्या दोन रेघांवर बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"मी गांजा नसता देला तं?"

"आजार आलाच असता, मावशी. तो आधीच आला होता."

"पन माह्या हातानं वाढला का?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. दोन रेघा समोर होत्या, आणि त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.

"हो," मी म्हणाले. "वाढला."

तिनं पदरानं डोळ्यातलं रक्त पुसलं.

"मंग थे बी लिवा," ती म्हणाली. "कोनं देला, थे बी. माहं नाव लिवा."