तहानेचं निमित्त

मी मर्गिलान शहरातल्या कुद्रत रेशीमवाल्याचा चहाचा प्याला बोलतोय. निळा, अंगावर पांढरी कापसाची फुलं, काठाला एक टवका. भट्टीजवळचं फारसं आठवत नाही; खूप धग होती आणि कुणीतरी गुणगुणत माझ्यावर फुलं काढत होतं, एवढंच. पुढचं सगळं आयुष्य दुकानासमोरच्या तुतीच्या झाडाखाली, चहाच्या वाफेत गेलं. वाफेतून पाहिलं की दुकानातले रेशमाचे तागे ढगांसारखे एकमेकांत विरघळतात.

आमच्याकडे पाहुण्याला प्याला भरून देत नाहीत. दोन घोट ओतायचे. संपले की आणखी दोन. म्हणजे बसा, घाई नाही. काठोकाठ भरला की समजायचं, एवढा प्या आणि निघा. एकदा एक गिऱ्हाईक तीन तास ताग्यांवरून हात फिरवत बसलं, घेतलं काहीच नाही. कुद्रतनं हसतहसत मला गच्च भरलं. गिऱ्हाईक चहा न पिताच पसार!

आमच्या मालकाची शाळा लवकर सुटली, वाचन मात्र दांडगं. यंदा नवरोजच्या सणाला कलाभवनात एकपात्री करायचं त्यानं मनावर घेतलं. स्वतः लिहायचं, स्वतःच करायचं. मुलगी सालोमत नाटकांत कामं करते. ती ऐकायला बसली. दोघांच्या मध्ये मी.

एकपात्रीतला माणूसही व्यापारीच. मुलाच्या सोयरिकीसाठी मध्यस्थ बाई घरी आलीय. आमचं घर प्रेमळ, धाकटा भाऊ गेला तो आपल्या मर्जीनं, असं तो तिला पटवतोय. पहिल्या खर्ड्यात तो शेवटी रडून कबूल करायचा की मीच भावाला घालवलं.

"बाबा, यानंच सगळं सांगून टाकलं तर प्रेक्षकांनी काय सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचं?"

"अगं, पण तो खोटं बोलतोय हे कळायला नको?"

"आपल्याला कळू दे. त्याला नको. त्याला वाटतंय, आपण खरंच बोलतोय. तुम्ही 'रंग जाणार नाही' असं तीनतीनदा सांगता, तेव्हा गिऱ्हाईक काय करतं?"

"कापड ओलं करून बघतं."

"मग! यालाही न विचारलेलं सांगू द्या. आणि ही बाई खांबासारखी का बसलीय? तिला संवाद नाही, कबूल. पण तिनं चुळबुळ केली तर ती याच्या बोलण्यातून दिसायला हवी."

कुद्रत कुरकुरला, पण कबुली खोडली. पुढच्या शुक्रवारी त्यानं नवा कागद वाचला:

"भाऊ रागानं गेला म्हणतात? छे! मी स्वतः त्याच्यासमोर बसलो. नान मोडून दिला. उन्हाचे दिवस, तहानलेला असेल, म्हणून माझ्या हातानं त्याचा प्याला काठोकाठ भरला. अहो बाई, तुम्ही चपला का शोधताय?"

सालोमत हसताहसता थांबली. "बाबा, हे कसं सुचलं?"

"सुचलं कुठलं? तसंच तर झालं होतं. सोबिर तहानलेला..."

वाक्य तिथंच राहिलं. तुतीचं एक पान माझ्यात पडलं, ते कुणी काढलं नाही.

सोबिर त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तो म्हणाला, दुकानात नवे रंग आणू. कुद्रतला ते लागलं. त्या दुपारचा भरलेला प्याला मीच. सोबिरनं मला ओठ लावले नाहीत. खाली ठेवलं ते असं, की टवका उडाला. तीन गल्ल्या सोडून राहतो, पण पुन्हा या घरात आला नाही. तहानेची गोष्ट कुद्रतनं इतक्यांना सांगितली, की त्याची त्यालाच खरी वाटू लागली होती.

"ती ओळ काढतो," कुद्रत म्हणाला. "सोबिर तिथं डफ वाजवायला असणार."

"काढा. मग नुसते धागे उरतील, कापड नाही."

"तो उठून गेला तर?"

"बाबा, तो अकरा वर्षांपूर्वीच गेलाय."

नवरोजच्या दुपारी मला रुमालात गुंडाळून मंचावर नेलं. कुद्रत दुकानात बोलतो तसाच बोलला, गोड, हसतमुख. लोक खिदळत होते. काठोकाठची ओळ आली आणि हसणं विरलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी "या अल्ला" म्हणाली. कुद्रतनं आवाज जरासुद्धा हलू दिला नाही. नाटकातल्या त्या माणसाला कुठं काय कळलं होतं? चपलांचं वाक्य बोलून तो थांबला. पुढं एक शब्दही लिहिलेला नव्हता.

सोबिर डफावर तळवा ठेवून बसला होता. गर्दी पांगल्यावर तो वर आला.

"दादा, त्या दिवशी मला तहान नव्हती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"गेल्या शुक्रवारपासून."

सोबिर हसला की काय, मला नीट दिसलं नाही, कारण कुद्रतची बोटं माझ्याभोवती मिटलेली होती.

आता तुतीखाली ऊन कलतंय. कुद्रतनं माझ्यात दोन घोट ओतले. सोबिर प्यायला, टवका अंगठ्यानं चाचपला आणि मला पुढं केलं. आणखी दोन. पुन्हा दोन. किती वेळा, ते मी मोजणं सोडलंय. वाफेत दोघांचे चेहरे ढगांसारखे मिसळलेत.

मंडळी, प्याल्याचं मागणं ते काय असणार? मला थोडाच भरा.