मुंगीवाट टाका, नवशिक्यांसाठी

२००९ साली अंबडला माझं सायबर कॅफे होतं. अंकुशनगरच्या कांताबाई साखर कारखान्याच्या कॉलनीत भरतकामाचा क्लास घ्यायच्या. त्यांचा व्हिडिओ मी यूट्यूबवर चढवत होतो आणि शब्दांवरून आमची जुंपली.

नवशिक्या बाया जे शोधतील तेच लिहायचं, हा माझा हेका. शीर्षक दिलं, ‘साखळी टाका आणि गाठीचा टाका, नवशिक्यांसाठी सोपं भरतकाम’. वर्णनात सुती कापड आणि सहापदरी धाग्याचे दोन पदर. टॅगमध्ये हेच शब्द इंग्रजी अक्षरांतही, कारण मराठी टाइप करणारे तेव्हा थोडेच. कांताबाईंना मात्र ‘मुंगीवाट’ हवंच होतं. साखळीच्या प्रत्येक कडीत एक गाठ घातली की मुंग्यांची रांग दिसते, म्हणून त्यांच्या दुर्गाने लहानपणी ठेवलेलं ते नाव. मायलेकींबाहेर ते कुणाला माहीत नव्हतं, टाकाही तोवर त्यांनी क्लासमध्ये कुणाला शिकवला नव्हता. असलं कोण शोधणार म्हणून मी चिडलो, पण दुर्गाचं नाव निघाल्यावर माघार घेतली.

तीन वर्षांपूर्वी दुर्गा भांडून घरातून गेली होती. महिन्याभराने कालव्यात एका बाईचं प्रेत सापडलं. चेहरा ओळखू येत नव्हता. बाहीवर मुंगीवाट होती, तेवढ्यावरून कांताबाईंनी ओळख पटवली, अग्नी दिला, तेरावंही केलं. मी तो शब्द टॅगमध्ये घातला.

लोक काय शोधून व्हिडिओपर्यंत आले, त्याची यादी यूट्यूब दाखवतं. पंधरा दिवसांनी मी ती उघडली. साखळी टाका, सोपं भरतकाम, गाठ कशी घालायची. तळाशी एकदाच, ‘मुंगीवाट’. कांताबाईंनीच गंमत केली असणार, असं मी स्वतःला बजावलं. विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांनी संगणकाला हातसुद्धा लावला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तळाशी नवी ओळ होती. ‘मुंगीवाट लोकर पोत्यावर’.

आम्ही लोकर लिहिली नव्हती, पोतं तर नव्हतंच. व्हिडिओ बघून हे शब्द कुणाला सुचणं शक्य नव्हतं. मी निरोप पाठवून कांताबाईंना बोलावलं. ओळ वाचून त्यांनी सांगितलं. दुर्गा सात वर्षांची असताना तिला हा टाका त्यांनी रिकाम्या पोत्यावर, उरलेल्या लोकरीने शिकवला होता. मोठ्या विणीत सुई सहज जाते म्हणून.

कुठल्या गावातून शोधलं, त्यांनी विचारलं. यादीत फक्त देश कळतो, मी सांगितलं. मला खरंच आनंद झाला होता. म्हणालो, “कांताबाई, दुर्गा जिवंत आहे. कुणाला तरी पहिल्यापासून शिकवतेय.”

त्या हसल्या नाहीत. पडद्यावर त्यांचेच हात कडीत गाठ घालत होते.

“ती जित्ती हाय, बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “आधीबी कोणाला तरी शिकवलं असल तिनं. मंग सर्जेरावभाऊ, माझी म्हणून म्या कोणाची लेक जाळली?”