अवॉर्डातल्या तीन ओळी

पत्राच्या डोक्यावर ‘अवॉर्ड’ हा शब्द दिसला आणि उद्धव वकिलांनी राजापेठेत शाल-नारळ सांगून टाकला. अमेरिकेतल्या कॉलेजानं लेकीला पुरस्कार दिला होता. शब्दाच्या खाली काय लिहिलंय ते वाचणं हे अशिलांचं काम.

खालचं लेकीनं, चारुतानं वाचलं. अवॉर्ड म्हणजे बक्षीस नव्हतं, शिक्षणाच्या खर्चासाठी कॉलेजनं देऊ केलेली मदत होती. वर्षाचा खर्च चव्वेचाळीस हजार डॉलर. पैकी चौतीस हजार अनुदान, परत न करायचं. तीन हजार कॉलेजचं कर्ज. दोन हजार कॉलेजच्याच खानावळीत काम करून कमवायचे. राहिलेले पाच हजार घरचे, म्हणजे चाळीस रुपये डॉलरच्या भावानं दोन लाख रुपये. अनुदान, कर्ज, काम, प्रत्येक ओळीपुढे वेगळा होकार किंवा नकार द्यायचा. एक मेपर्यंत कळवलं नाही तर जागा गेली.

“कर्ज पुरंच घे वं,” मोर्शीहून आलेले शेषरावमामा म्हणाले. २००८च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झाल्यापासून मामांना ‘फेडणे’ हे क्रियापद जुनाट वाटू लागलं होतं. “तिकडंबी यंदा इलेक्शन हाय म्हणते. माफी होतेच.”

“मामा, हे सरकारचं नाही, कॉलेजचं कर्ज आहे. शिक्षण संपलं की व्याजासकट फेडायचं.”

“मंग कॉलेजवाले इलेक्शनले उभे नाई राहात का?”

वकिलांचं घोडं दुसरीकडेच अडलं होतं. “काम नाकारून टाक. अवॉर्डवाली पोरगी तिकडे ताटं विसळून राहिली, हे बार रूममध्ये कळलं तर तोंड कुठं लपवू?”

“नाकारलं तर ते दोन हजारही तुम्हीच द्यायचे, बाबा. अन् घेतलं तरी ते फीतून वजा होत नाहीत. तासावर पगार. जेवढं काम करीन तेवढा हातात येईल, त्यात पुस्तकं अन् वरखर्च भागेल.”

कुंदाबाई पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आल्या. “पगार? म्हणजे नोकरी लागली?”

“तशीच म्हण.”

“डोनेशन किती मागितलं?”

“एक पैसा नाही, आई.”

पोळी करपल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही. चारुताला बी.एड. करवून डोनेशन भरून एखाद्या शिक्षणसंस्थेत चिकटवायचं, म्हणून वकिलांनी चार वर्षं संस्थाचालकांसाठी पैसे साठवले होते. आता संस्थाचालकच बेकार झाले.

“मंग काम घे,” वकील म्हणाले. “ताटं का होईना, मेरिटवर भेटली हायेत.”

“अन् ते डोनेशनचे पैसे?” चारुतानं संधी साधली.

“ते तुलेच. घरचे दोन लाख त्यातूनच जातीन. पण चार वर्षं पुरवायचे हाय, सगळं कर्ज नाकारू नको.”

चारुतानं हिशेब मांडला. अनुदान पूर्ण, काम पूर्ण, कर्ज निम्मं; उरलेलं निम्मं डोनेशनच्या पैशातून. कमी रक्कम घ्यायची सोय पत्रातच होती. तिनं सही केली.

मामांनी कपाळाला हात लावला. “अर्धंच घेतलं! आता माफीबी अर्धीच भेटन. वकिलाच्या घरी राहून पोरीचं असं नुसकान!”